पोराच्या कार्डावर बापाचं नाव: ॲड-ऑन क्रेडिट कार्ड घेण्याआधी, घेताना आणि बंद करताना

आमच्याकडे गावात ‘क्रेडिट कार्ड’ म्हटलं की पहिल्यांदा किसान क्रेडिट कार्डच आठवतं. त्यामुळे पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने स्वतःच्या क्रेडिट कार्डावर वडिलांसाठी ॲड-ऑन कार्ड काढलं, तेव्हा राळेगाव तालुक्यात कोरडवाहू शेती करणारे माझे भाऊजी ते पाकीट घेऊन थेट माझ्या घरी आले. मी बँकेच्या तालुका शाखेत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून असे कागद माझ्याकडे येतात. पाकीट टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, “कार्डावर नाव माह्यं हाय. उद्या पैसे नाही भरल्या गेले, त सातबाऱ्यावर बोजा माह्या चढन का?”

नाही चढत. क्रेडिट कार्डाची उधारी विनातारण असते, त्यात जमीन गहाण नसते, त्यामुळे सातबाऱ्यावर तिची नोंद होत नाही. आणि मुख्य म्हणजे ती उधारी भाऊजींची नाहीच, ती पोराची आहे. किसान क्रेडिट कार्डात शेतकरी स्वतः कर्जदार असतो. ॲड-ऑन कार्डात कर्जदार एकच, ज्याच्या नावावर मूळ कार्ड आहे तो. कार्डावर ठळक अक्षरांत बापाचं नाव असलं तरी बँकेच्या लेखी ते पोराच्याच खात्याचं दुसरं कार्ड आहे.

बँक पैसे कोणाला मागते

रिझर्व्ह बँकेने क्रेडिट आणि डेबिट कार्डांबाबत 2022 मध्ये जे निर्देश काढले, त्यात हे स्पष्ट आहे. मूळ कार्डधारक ज्याचं नाव देईल त्यालाच ॲड-ऑन कार्ड देता येतं, आणि त्यावरच्या खर्चाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची राहते. मूळ कार्डधारकाने मागितल्याशिवाय बँक असं कार्ड पाठवू शकत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ थोडा कडू आहे. बापाने कार्डावर काय घेतलं, पोराला विचारलं की नाही, घरात त्यावरून भांडण झालं का, याच्याशी बँकेला देणंघेणं नसतं. ‘तो खर्च मी केलेला नाही, वडिलांनी केला’ हे उत्तर बँकेसमोर चालत नाही. बिल थकलं तर थकबाकीदार म्हणून नोंद पोराच्या नावाने होते आणि त्याचा सिबिल स्कोअर घसरतो. सिबिलच्या अहवालात ॲड-ऑन कार्डधारकासाठी ‘ऑथराइज्ड यूझर’ असा वेगळा प्रकार आहे, म्हणजे वापरण्याची परवानगी असलेला माणूस. कर्जदार वेगळा, वापरणारा वेगळा.

तरीही सही करण्याआधी कार्डाच्या करारातलं एक वाक्य शोधून वाचा. ‘मूळ आणि अतिरिक्त कार्डधारक संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या जबाबदार राहतील’ अशा अर्थाचं काही लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ काय ते बँकेला ई-मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी उत्तरावर विसंबू नका. काउंटरवरचा माणूस सहा महिन्यांनी बदलून जातो.

पोर दगावला तर काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही, पण भाऊजींनी विचारला. मूळ कार्डधारक गेला की ॲड-ऑन कार्डाचा आधारच जातो. त्या दिवसापासून ते कार्ड वापरायचं नाही आणि बँकेला लगेच कळवायचं. उरलेली बाकी बँक मृताच्या मालमत्तेतून मागू शकते. वारसांची जबाबदारी त्यांच्या वाट्याला आलेल्या मालमत्तेपुरतीच असते, त्यांच्या स्वतःच्या कमाईपर्यंत पोहोचत नाही. मात्र मृत्यूनंतर कार्ड स्वाइप केलं, तर तो खर्च कुणाच्या परवानगीने केला याचं उत्तर स्वाइप करणाऱ्यालाच द्यावं लागेल.

मर्यादा एकच, हात दोन

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. भाच्याच्या कार्डाची मर्यादा 1,50,000 रुपये. भाऊजींचं कार्ड आलं म्हणून ती तीन लाख झाली नाही. दीड लाखाची एकच विहीर आहे आणि तिच्यावर दोन मोटा लागल्या आहेत.

बऱ्याच बँकांत ॲड-ऑन कार्डावर वेगळी कमाल रक्कम ठरवता येते, तिला सब-लिमिट म्हणतात. भाच्याने वडिलांसाठी 40,000 ठरवले. भाऊजींना वाटलं, चाळीस हजार आपल्यासाठी बाजूला काढून ठेवलेत. तसं नसतं. ही वरची हद्द आहे, राखीव रक्कम नाही. पोराने एकट्याने दीड लाख खर्च केले, तर बापाच्या चाळीस हजारांपैकी एक रुपयाही शिल्लक राहत नाही. म्हणजे बापाचं स्वाइप चालायला दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात: त्याच्या सब-लिमिटमध्ये जागा हवी आणि मूळ मर्यादेतही जागा हवी.

मूळ मर्यादेतून चार गोष्टी वजा होतात: बिल आलं पण भरलं नाही ती रक्कम, अजून बिलात न आलेला खर्च, ईएमआयवर घेतलेल्या वस्तूचं उरलेलं मुद्दल, आणि पेट्रोल पंप किंवा हॉटेलने तात्पुरती अडवून ठेवलेली रक्कम. ईएमआय लोकांच्या लक्षात राहत नाही. हप्ता महिन्याला चार-पाच हजारांचा दिसतो, पण मर्यादा अडते ती पूर्ण उरलेल्या मुद्दलाएवढी.

गेल्या जूनमध्ये आमच्या घरात जे झालं ते आकड्यांसकट सांगतो. भाच्याच्या मोबाइलच्या ईएमआयचं मुद्दल 48,000 उरलं होतं. चालू महिन्याचा हप्ता धरून त्याचा स्वतःचा खर्च 22,000. म्हणजे 80,000 मोकळे. 12 जूनला भाऊजींनी कृषी केंद्रातून कपाशीचं बियाणं, डीएपी आणि तणनाशक घेतलं, 28,400 रुपयांचं. मोकळी मर्यादा उरली 51,600.

16 जूनला ताईच्या पोटात दुखायला लागलं आणि यवतमाळच्या दवाखान्याने 50,000 रुपये अनामत मागितली. भाऊजींनी कार्ड दिलं, मशीनमधून नकाराची चिठ्ठी आली. दोनदा, तिनदा. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, कार्ड खराब आहे. कार्ड ठणठणीत होतं. मूळ मर्यादेत 51,600 होते, पण भाऊजींच्या चाळीस हजारांतले 28,400 बियाण्याला गेले होते आणि त्यांच्या वाट्याचे फक्त 11,600 उरले होते. मी भाच्याला फोन केला. त्याने ॲपमध्ये सब-लिमिट 80,000 केली. पाच मिनिटांनी तेच कार्ड, त्याच मशीनवर चाललं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. आता मूळ मर्यादेत 1,600 उरले होते. दुसऱ्या दिवशी भाच्याच्या विम्याचा 9,200 चा हप्ता कार्डावरून आपोआप कापला जाणार होता, तो फेल गेला. तेव्हा त्याने बिलाची वाट न पाहता बचत खात्यातून 28,400 कार्डात भरले. मोकळी मर्यादा पुन्हा 30,000 वर आली आणि विम्याचा हप्ता त्याने हाताने भरला.

यातून दोन कामाच्या गोष्टी मिळतात. नकार आला की आधी ॲपमध्ये सब-लिमिट आणि मूळ मर्यादा दोन्ही बघायच्या. कार्ड खराब असण्याची शक्यता त्यानंतर. आणि मर्यादा बिलाच्या तारखेने मोकळी होत नाही, पैसे भरल्याने होते. आधी भरले तर आधी मोकळी होते. सब-लिमिट मात्र दर महिन्याला नव्याने सुरू होते की पैसे भरल्यावर, हे बँकेगणिक बदलतं. कार्ड घेतानाच विचारून ठेवा.

काढायची कशी

अर्ज नेहमी मूळ कार्डधारकच करतो. बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये कार्डाच्या विभागात ॲड-ऑन कार्डाचा पर्याय असतो, नसल्यास शाखेत फॉर्म मिळतो. साधारणपणे पती-पत्नी, आई-वडील, भाऊ-बहीण आणि 18 वर्षांवरची मुलं चालतात. नाव, जन्मतारीख, नातं, पॅन, आधार आणि फोटो लागतो. आधारवर ‘राव’ आहे आणि पॅनवर नाही, असल्या फरकावर अर्ज अडकतात. विदर्भातल्या निम्म्या आजोबांचं आधार आणि पॅन एकमेकांशी बोलत नाही, त्यामुळे आधी तेवढं जुळवून घ्या.

शुल्क विचारा. पुष्कळ बँका ॲड-ऑन फुकट देतात, काही वर्षाला पैसे घेतात आणि काही दुसऱ्या कार्डापासून घेतात.

मोबाइल नंबर कोणाचा लावायचा, याचा विचार अर्जाआधी करा. ऑनलाइन खरेदीचा ओटीपी बापाच्या नंबरवर जाईल की पोराच्या, हे बँकेवर आणि तुम्ही दिलेल्या नंबरवर ठरतं. बापाकडे बटणाचा साधा फोन असेल, ऑनलाइन काही घ्यायचं नसेल, तर ऑनलाइन व्यवहारच बंद ठेवावेत हे माझं स्पष्ट मत. खर्चाचा मेसेज मात्र पोराला आलाच पाहिजे. तो येतो का, हे पहिल्याच छोट्या खरेदीला तपासा.

कार्ड बहुधा मूळ कार्डधारकाच्या नोंदलेल्या पत्त्यावर येतं. म्हणजे पुण्याला. तिथून गावी पाठवायचं असेल तर कार्ड आणि पिन एका पाकिटात घालू नका, शक्यतो दिवाळी-पोळ्याला स्वतः हातात द्या. आणि कार्ड कपाटात पडू देऊ नका: दिल्यापासून 30 दिवसांत सुरू केलं नाही, तर बँकेला ओटीपीने संमती घ्यावी लागते, आणि संमती मिळाली नाही तर सात कामकाजी दिवसांत कार्डाचं खातं विनाशुल्क बंद करावं लागतं.

पहिल्याच दिवशी काय बंद करायचं

नवीन कार्ड भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चिप घालून वापरण्यापुरतंच सुरू असतं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून पैसे देणं हे आपण सुरू करावं लागतं. हा 2020 चा नियम चांगला आहे, पण ॲड-ऑनसाठी अजून एक पाऊल पुढे जा आणि एटीएमही बंद करा. क्रेडिट कार्डातून रोख काढली की शुल्क लागतं आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं. बिनव्याजी मुदत रोखीला नसते. डेबिट कार्डाची सवय असलेला माणूस बाजारच्या दिवशी एटीएममध्ये हेच कार्ड घालणार, हे धरून चाला.

टॅपची सोय सुरू करायची तर एक लक्षात ठेवा: 5,000 रुपयांपर्यंत पिन लागत नाही. कार्ड हरवलं, तर सापडणाऱ्यालाही लागत नाही.

पण गावातला खरा धोका पिनचा आहे. मी स्वतः कृषी केंद्रात पाहिलंय. शेतकरी काउंटरवर कार्ड टाकतो, चष्मा घरी राहिलेला असतो, मशीनचे आकडे दिसत नाहीत, आणि तो सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणतो, “टाक रे बापू, सत्तेचाळीस बारा.” रांगेत सहा माणसं उभी असतात. दुकानदार प्रामाणिक असेलही, पण उद्या कोणी त्या पिनवर खरेदी केली तर कायदा काय म्हणतो ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कोणी फसवलं आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. पण पिन किंवा ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. आणि इथे ग्राहक म्हणजे पुन्हा पोरगाच.

म्हणून वडिलांना एवढंच शिकवा: मशीन हातात घ्यायचं, रक्कम वाचायची, पिन स्वतः दाबायचा. डोळ्यांना दिसत नसेल तर रक्कम आधी मोठ्याने बोलायला लावायची, पिन नाही. फसवणूक झाली तर पोराने ॲपमधून कार्ड ताबडतोब बंद करायचं, बँकेला तक्रार करून तिचा क्रमांक घ्यायचा आणि 1930 वर फोन लावायचा.

बियाणं कार्डावर, पैसे कापसावर?

हे गणित चुकलं तर बाकी सगळी काळजी फुकट. भाच्याचं बिल दर महिन्याच्या 18 तारखेला निघतं आणि पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरायचं असतं. भाऊजींनी 12 जूनला खत घेतलं, ते 18 जूनच्या बिलात आलं, मुदत 7 जुलै. म्हणजे 25 दिवस बिनव्याजी. तेच खत 19 जूनला घेतलं असतं, तर 18 जुलैच्या बिलात आलं असतं आणि मुदत 7 ऑगस्ट, म्हणजे 49 दिवस. पेरणी नाहीतरी पावसासाठी थांबते. एक आठवडा थांबणं शक्य असेल तर तारीख बघूनच कार्ड काढा. बिलाची तारीख किमान एकदा बदलून घेण्याची सोयही बँकेला द्यावी लागते.

पण 49 दिवसांत कापूस येत नाही. सीतादहीची पूजा होऊन पहिली वेचणी होते, कापूस विकला जातो, पैसे खात्यात येतात, तोवर नोव्हेंबर उजाडतो. समजा पोराने ते 28,400 भरले नसते आणि 25 नोव्हेंबरपर्यंत ओढले असते. ते 166 दिवस होतात. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के दराने सरळ व्याजच 5,425 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 976. साधारण 6,400 रुपये. व्याजावर व्याज आणि दंड वेगळा. शिवाय बिल पूर्ण भरलं नाही की पोराच्या नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते, ते नुकसान या आकड्यात नाही. किमान रक्कम भरत राहिलं तर दंड टळतो, व्याज टळत नाही.

तेवढ्याच रकमेचं पीक कर्ज 7 टक्क्यांनी घेतलं, तर त्याच 166 दिवसांचं व्याज 904 रुपये होतं. आणि मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज शून्य टक्क्याने पडतं. म्हणून हंगामाचा खर्च ॲड-ऑन कार्डावर ठेवायचा नाही. कार्ड वापरायचं ते कर्ज मंजूर झालंय पण पैसे अजून खात्यात आले नाहीत, त्या मधल्या दिवसांसाठी. भाऊजींचं तसंच झालं. सोसायटीचं कर्ज जुलैच्या पहिल्या आठवड्यात जमा झालं आणि त्यांनी 28,400 पोराच्या खात्यात पाठवले. ताईच्या दवाखान्याचे पैसे भाच्याने स्वतःच भरले, त्याचा हिशोब कोणी मागितला नाही.

कृषी केंद्रात कार्डावर वरचे दोन टक्के मागितले जातात का, हे बिल करण्याआधी विचारा. 28,400 वर ते 568 रुपये होतात, म्हणजे बिनव्याजी महिन्याचा फायदा तिथेच संपतो.

बिल एकच येतं आणि ते पोराकडे. त्यात बहुधा कार्डाच्या शेवटच्या चार आकड्यांप्रमाणे खर्च वेगळा दाखवलेला असतो. दर महिन्याला बापाच्या कार्डाच्या ओळी फोनवर वाचून दाखवा. दुकानाचं नाव बिलावर वेगळंच छापलेलं असतं, तेव्हा रक्कम आणि तारीख जुळवा.

बायकोसाठी काढत असाल तर

मर्यादा आणि जबाबदारी तीच. फरक एवढाच की नवरा-बायकोत खर्च कोणाचा हे कोणी लिहून ठेवत नाही, आणि नातं ताणलं गेलं की तोच कार्डाचा कागद वादात येतो. वेगळं राहायला लागलात, तर त्याच दिवशी ॲड-ऑन कार्ड बंद करा. बँक नात्याची चौकशी करत नाही, बिल पाठवत राहते. दुसरी गोष्ट, ॲड-ऑन वापरून बायकोची स्वतःची पत उभी राहील या भरवशावर राहू नका. तिच्या नावाने थोडी मुदत ठेव करून त्यावर तिचं स्वतःचं कार्ड घेणं जास्त चांगलं. मर्यादा लहान असेल, पण खातं तिचं असेल.

बंद करताना

ॲड-ऑन कार्ड एकटं बंद करता येतं, मूळ कार्ड चालू राहतं. मूळ बंद केलं तर सगळी ॲड-ऑन कार्डं बंद होतात. बंद करण्याआधी त्या कार्डावरून आपोआप कापली जाणारी बिलं शोधा. भाऊजींच्या कार्डावर डिशचा रिचार्ज लागला होता, आम्हाला तो चौथ्या महिन्यात सापडला. बाकी भरलेली असेल तर कार्ड खातं बंद करण्याच्या विनंतीवर बँकेला सात कामकाजी दिवसांत कारवाई करावी लागते, नाहीतर दर दिवशी 500 रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा असतो. तक्रारीला 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार टाकता येते. ती मूळ कार्डधारकाने टाकावी.

थकबाकी राहिली आणि वसुलीवाल्यांचे फोन गावी बापाला यायला लागले, तर बापाने फक्त एवढं सांगायचं: “खातं पोराचं हाय, त्याच्याशी बोला,” आणि फोनची तारीख-वेळ वहीत लिहायची. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायला मनाई आहे. घरच्यांना त्रास देण्यालाही. भाऊजींनी त्यासाठी कॅलेंडरच्या मागच्या पानावर एक रकाना आखून ठेवलाय. अजून तो कोरा आहे.